गोळीमुळे वजन वाढतंय, म्हणून गोळी अर्धी करायची का?

गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट परिसरात आणि चेन्नईच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आजचं हे बोलणं आहे. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, गोव्यातून जे ऐकतील, वाचतील, त्यांनाही ते तेवढंच लागू पडेल.

विषय नेमका सांगतो. घरात एखाद्याला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे. डॉक्टरांनी ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन यांपैकी एखादं औषध सुरू केलं. भास कमी झाले, संशय कमी झाला, झोप लागायला लागली. घराला हायसं वाटलं. आणि दोन-तीन महिन्यांत शर्ट दाटायला लागले, पॅन्टचं बटण लागेना. मग कुणीतरी म्हणतं, 'आता बरा आहे ना, मग गोळी अर्धी करून बघू.' हा निर्णय बहुतेक वेळा दवाखान्यात होत नाही, स्वयंपाकघरात होतो. आणि प्रेमापोटी होतो. तो का फसतो आणि त्याऐवजी काय करायचं, एवढंच आज सांगणार आहे.

वजन खरंच गोळीमुळे वाढतं का?

हो, वाढतं. हे आधी स्वच्छ मान्य करू, कारण 'हा आळशी झालाय, नुसता खातो आणि झोपतो' असं पेशंटला ऐकवणाऱ्या घरांची संख्या कमी नाही.

भूक लागणं आणि पोट भरल्याची जाणीव होणं, ही दोन्ही कामं मेंदू करतो. त्यासाठी हिस्टामिन आणि सिरोटोनिन या रसायनांचे निरोप तो वाचत असतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं भास-संशय आटोक्यात ठेवण्यासाठी डोपामिनचा निरोप अडवतात, पण जाता जाता हिस्टामिन आणि सिरोटोनिनचे काही निरोपही अडवतात. त्यामुळे दोन पोळ्यांवर थांबणारा माणूस चार खाऊनही भुकेलाच राहतो. त्याचं पोट खोटं बोलत नसतं. 'पुरे' हा निरोपच त्याला पोचत नसतो.

शिवाय या औषधांनी अनेकांचं तोंड कोरडं पडतं. तहान लागल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस टपरीवर जाऊन थंड पेय घेतो, नाहीतर गोड कॉफी. सुस्तीमुळे चालणं कमी होतं. या सगळ्याची बेरीज वजनकाट्यावर दिसते.

साखरेचा मार्ग मात्र थोडा वेगळा आहे. वजन वाढलं की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हा एक भाग. पण यातली काही औषधं इन्सुलिनच्या कामात थेटही अडथळा आणतात. म्हणून वजन फारसं न वाढताही एखाद्याची शुगर वाढलेली सापडते. 'हा तर बारीक आहे, याला कशाला शुगर तपासायची?' हे म्हणणं म्हणूनच चुकतं.

याबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास आपल्या जवळच, चेन्नईत झालेला आहे. 'स्कार्फ' ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली चेन्नईत सुरू केली. या संस्थेतल्या डॉ. आर. पद्मावती आणि डॉ. आर. थारा यांनी, मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाबरोबर, चेन्नईतले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि त्याच शहरातली हा आजार नसलेली माणसं यांची तुलना केली. २०११ साली तो अभ्यास मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रुग्णांमध्ये मधुमेहाचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट निघालं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१० साली, डॉ. पद्मावती आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्यांना वर्षानुवर्षं आजार आहे पण औषध कधी मिळालंच नाही, अशा रुग्णांमध्ये लठ्ठपणा आणि त्याच्याबरोबर येणारे साखर-चरबी-रक्तदाबाचे बिघाड कमी आढळले. म्हणजे या वजनात औषधाचा वाटा मोठा आहे. पण याचा अर्थ 'औषध नसलेलं बरं' असा काढू नका. ती माणसं बारीक होती, पण वर्षानुवर्षं उपचारावाचून आजाराच्या तावडीत होती. आपल्याला दोन्ही सांभाळायचं आहे, मनही आणि शरीरही.

बारीक दिसणारा भारतीय

इथे पुण्याची एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच म्हणत होता, पण आतला माल वेगळा होता.

म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही. कंबरेचा घेर मोजावा लागतो. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही रेषा धरतात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असं आपल्याकडे मानतात.

घेर मोजायची पद्धत सोपी आहे, पण बहुतेक जण ती चुकवतात. पॅन्टच्या पट्ट्यावर टेप लावायची नाही, कारण सुटलेलं पोट पट्ट्याच्या वर येतं आणि पट्टा खालीच राहतो. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध शिंप्याची टेप उघड्या अंगावर लावा. माणूस सरळ उभा हवा. श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू द्यायचं नाही.

केव्हा काय तपासायचं

२००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून या तपासण्यांचं वेळापत्रक ठरवलं. थोड्याफार फरकाने आजही तेच वापरतात. औषध सुरू करण्याआधी, किंवा सुरू झाल्याझाल्या, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची शुगर आणि रक्तातली चरबी. याला आपण 'पाया' म्हणू. पाया नसेल तर पुढचा कुठलाही आकडा बोलत नाही. तीन महिन्यांनी शुगर ११० आली, तर ती आधीपासून तशी होती की गोळीने वाढली, हे कळायला मार्गच राहत नाही.

त्यानंतर वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. शुगर, रक्तदाब आणि चरबी बाराव्या आठवड्याला. पुढे शुगर आणि रक्तदाब निदान वर्षातून एकदा. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन असेल, किंवा आई-वडिलांना मधुमेह असेल, तर डॉक्टर शुगर याहून लवकर आणि जास्त वेळा करायला सांगतात. ब्रिटनमध्ये पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करतात. आपल्याला तर ते घरच्या काट्यावर फुकट करता येतं. एकच वार ठरवा, सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तोच काटा. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहा.

हे सगळे आकडे कशासाठी? एका रेषेसाठी. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की डॉक्टरांशी बोलायची वेळ आली. ६० किलोच्या माणसाला ती तीन किलो होते. दहा किलो वाढल्यावर उठलेल्या घरापेक्षा तीन किलोवर उठलेल्या घराच्या हातात जास्त पर्याय असतात, कारण वजन भराभर वाढतं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच.

शुगरचे आकडेही सांगून ठेवतो. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच, तर मधुमेह. एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. ती ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. मात्र ती सरासरी असल्यामुळे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वेगाने चढलेली शुगर तिच्यात पुरती दिसत नाही. शिवाय रक्तात लोह कमी असेल तर ही तपासणी फसवते. म्हणून सुरुवातीला उपाशीपोटीचा आकडा जास्त कामाचा.

आता सिपकॉटमध्ये काम करणाऱ्यांची अडचण. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. रात्रपाळी करून सकाळी थेट लॅबमध्ये जाणारा माणूस म्हणतो, 'मी काही खाल्लं नाही.' पण रात्री दोन-तीन वाजता कॅन्टीनचा गोड चहा झालेला असतो. चहाही मोडतो उपास. तेव्हा ही तपासणी सुट्टीच्या दिवशी किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात ठेवा. आणि एक महत्त्वाचं. सकाळी रक्त द्यायचं म्हणून रात्रीची मानसिक आजाराची गोळी चुकवू नका. 'उपाशी' याचा अर्थ 'गोळी नाही' असा होत नाही.

एक उदाहरण, पायरी पायरीने

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे खऱ्या दवाखान्यात दिसतात तसेच आहेत.

समजा, सत्तावीस वर्षांचा एक तरुण आहे. दादा-वहिनीबरोबर गुम्मिडिपूंडीत राहतो, रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, बीएमआय २१. कंबर ८० सेंटिमीटर. उपाशीपोटी शुगर ९२. वडिलांना मधुमेह. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि रात्री ओलान्झापिन १० मिलिग्रॅम सुरू झालं. त्याचे पाच टक्के म्हणजे २.९ किलो. काटा ६१ ला टेकला की फोन करायचा.

चौथ्या आठवड्यात वजन ६०. आवाज ऐकू येणं जवळपास थांबलं. तो कामावर परतला. आठव्या आठवड्यात ६२, म्हणजे रेषा ओलांडली. बाराव्या आठवड्यात साडेचौसष्ट, कंबर ८७, उपाशीपोटी शुगर १०८. कंबर अजून ९० च्या आत आहे, पाहणाऱ्याला तो 'अंगाने भरला' एवढंच वाटतं. पण तीन महिन्यांत शुगर ९२ वरून १०८ झाली आहे, आणि घराण्यात मधुमेह आहे. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट. वहिनी म्हणते, भाऊजी आता बरे आहेत, गोळी अर्धी करू. दुसऱ्या दिवशी काय होतं? काहीच होत नाही. आठवड्यानेही काही होत नाही. उलट सकाळची सुस्ती कमी होते, तो ताजातवाना दिसतो. सगळ्यांना वाटतं, बघा, आपलंच बरोबर होतं. महिन्याभराने उरलेली अर्धीही बंद होते.

याच शांततेत घर फसतं. औषध रक्तातून काही दिवसांत जातं, पण आजार परत यायला आठवडे लागतात, कधी महिने. त्यामुळे गोळी बंद करणं आणि आजार उलटणं या दोन गोष्टींचा संबंध घरच्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. अमेरिकेत पहिल्या झटक्यातून बरे झालेल्या रुग्णांचा काही वर्षं मागोवा घेतला होता. १९९९ साली छापलेल्या त्या अभ्यासात, औषध बंद केलेल्यांना आजार उलटण्याचा धोका औषध घेत राहणाऱ्यांच्या साधारण पाचपट निघाला.

पहिली खूण झोपेत दिसते. रात्री दोनला उठून तो येरझाऱ्या घालतो. मग कॅन्टीनचं जेवण टाळतो, डबा स्वतः भरतो. मग म्हणतो, फोरमन माझ्याकडे बघून खुणा करतो. तोवर दोन महिने उलटलेले असतात. दादा त्याला दवाखान्यात नेतो. डॉक्टर विचारतात, 'गोळी नीट चालू आहे ना?' आणि दादा, थोड्या भीतीने, थोड्या संकोचाने म्हणतो, 'हो.'

आता डॉक्टरांच्या खुर्चीत बसून बघा. त्यांच्या कागदावर लिहिलंय, १० मिलिग्रॅम चालू असताना आजार उलटला. म्हणजे १० पुरत नाही. ते १५ करतात, कदाचित २०. वजन कमी करायला गोळी अर्धी केली होती, आणि शेवटी पदरात पडली दुप्पट. शिवाय 'या औषधाला दाद देत नाही' असा शिक्का फाइलवर बसला, तो पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक डॉक्टरला चुकीची वाट दाखवत राहतो. म्हणून, गोळी कमी केली असेल, चुकली असेल, तर तसं सांगा. रागावले तरी चालेल. त्या एका खऱ्या वाक्यावर पुढचा सगळा उपचार उभा असतो.

दुसरी वाट. आठव्या आठवड्यात काटा ६२ दाखवतो आणि वहिनी कॅलेंडरचा फोटो काढून घेऊन दवाखान्यात जाते. 'डॉक्टर, ५८ होते, आता ६२ आहेत. सासऱ्यांना शुगर आहे.' एवढी तीन वाक्यं. आता डॉक्टरांकडे पर्याय आहेत.

आजार अजून नाजूक टप्प्यावर असेल तर ते ओलान्झापिन तसंच ठेवून मेटफॉर्मिन जोडू शकतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं, स्वस्त औषध आहे. मधुमेह नसतानाही, मानसिक आजाराच्या गोळ्यांनी वाढणारं वजन रोखायला ते दिलं जातं आणि त्याचा उपयोग अभ्यासांतून दिसलेला आहे. ते आधी किडनीची तपासणी बघून, जेवणाबरोबर, थोड्यापासून चढवत देतात, कारण सुरुवातीला पोट बिघडू शकतं. त्याने वजन जादूने उतरत नाही. बहुतेकांत दोन-चार किलोंचा फरक पडतो, आणि साखर धरून राहते.

किंवा डॉक्टर औषध बदलायचं ठरवतात. ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांनी वजन तुलनेने कमी वाढतं. पण बदल म्हणजे आज एक बंद, उद्या दुसरं चालू, असं नसतं. नवं औषध थोडं थोडं चढवायचं, जुनं थोडं थोडं उतरवायचं. हे काही आठवडे चालतं. या काळात झोप बिघडू शकते, अस्वस्थपणा येऊ शकतो. तो नव्या औषधाचा आहे, जुनं कमी केल्याचा आहे की आजाराचा आहे, हे ओळखणं हेच तर डॉक्टरांचं काम. आणि बदललेलं औषध प्रत्येकाला लागू पडेलच असंही नाही. कधी कधी ओलान्झापिनवर परत यावं लागतं. तेही आधीच सांगितलेलं बरं.

'अर्धी' म्हणजे अर्धा परिणाम नव्हे

घरचं गणित असतं, १० ची ५ केली म्हणजे परिणाम अर्धा, वजनही अर्धं. दोन्ही बाजूंनी हे गणित चुकतं.

एक तर ओलान्झापिनची भूक डोसच्या सरळ प्रमाणात चालत नाही. कमी डोसवरही ती टिकते. म्हणजे अर्ध्या गोळीने वजन हमखास उतरेल, असं नाही.

दुसरं, मेंदूतला परिणाम पायऱ्यांसारखा सरळ उतरत नाही. तो टेकडीसारखा उतरतो. वर माथ्यावर सपाटी आहे, तिथे २० चं १५ केलं तर फरक थोडा पडतो. खाली उतार तीव्र आहे, तिथे ५ चं अडीच आणि अडीचचं शून्य करताना माणूस एकदम घसरतो. म्हणून डॉक्टर डोस कमी करतात तेव्हा जसजसं खाली येतील तसतशी पावलं लहान करतात आणि मध्ये थांबून बघतात. काही महिने घेतात. डोस कमी करायचाच नाही, असं मी म्हणत नाही. अनेकांचा होतो, व्हायलाही हवा. पण तो उतार कुठे आहे हे माहीत असलेल्या माणसाबरोबर.

क्लोझापिनचं तर वेगळंच आहे. ते ४८ तासांहून जास्त चुकलं, तर पुन्हा पहिल्या डोसवर उडी मारायची नाही. रक्तदाब एकदम पडू शकतो, माणूस कोसळू शकतो. साडेबारा मिलिग्रॅमपासून परत चढवत न्यावं लागतं. गणपतीला गावी गेलो, गोळ्या इथेच राहिल्या, तीन दिवसांनी आल्यावर जुना डोस घेतला, असं करू नका. फोन करा.

आणि बिडी-सिगारेट. धुरामुळे लिव्हर ओलान्झापिन आणि क्लोझापिन वेगाने निकालात काढतं. माणसाने एकदम धूम्रपान सोडलं, तर त्याच गोळीचा रक्तातला अंश वाढतो. सुस्ती वाढते, क्लोझापिनवर तर धोकाही होऊ शकतो. धूम्रपान जरूर सोडा, पण सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस न बदलताही डोस बदलतो, तो असा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आधीच चालू असेल तर आणखी एक. मानसिक आजाराचं औषध अचानक बंद केलं, भूक कमी झाली, पण शुगरची गोळी तेवढीच राहिली, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ. हा गोंधळ घरच्यांना आजारच वाटतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत असायला हव्यात.

थांबायचं नाही असं केव्हा

क्वचित शुगर फार वेगाने चढते. खूप तहान, सारखी लघवी, वजन वाढायच्या ऐवजी एकदम उतरणं, उलट्या, पोटदुखी, खोल भराभर श्वास, गुंगी. मानसिक आजाराच्या रुग्णात हे ओळखणं अवघड जातं, कारण प्रत्येक लक्षणाला घरात एक उत्तर तयार असतं. तहान म्हणजे गोळीने तोंड कोरडं पडलंय. गुंगी म्हणजे झोपेची गोळी. विचित्र वागणं म्हणजे आजार. साधी कसोटी सांगतो. कोरडं तोंड दोन घोट पाण्याने ओलं होतं. शुगरची तहान तांब्याभर पाण्यानेही भागत नाही आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठवते. असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता बोटातलं रक्त तपासा. ग्लुकोमीटर जवळच्या मेडिकलमध्येही असतो. आकडा २०० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. उलट्या, गुंगी किंवा भराभर श्वास असेल तर थेट इस्पितळ. आणि तिथे मानसिक आजाराच्या गोळ्यांची यादी दाखवा.

प्रेक्षकांचे काही प्रश्न

*आम्हाला तमिळ येत नाही. तपासणी कुठे करायची?*

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि रक्तदाब मोफत तपासतात. तमिळनाडूत २०२१ पासून या दोन आजारांसाठी घरी येऊन तपासणी आणि औषध देण्याची सरकारी योजनाही आहे, वस्तीतल्या आरोग्य सेविकेकडे चौकशी करा. 'शुगर' आणि 'बीपी' हे शब्द सगळीकडे चालतात. मानसिक आजाराबद्दल फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारचा टेली-मानस हा मोफत क्रमांक आहे, १४४१६. तिथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येतं. तोही डोस बदलायचा क्रमांक नाही, पण रात्री घाबरलेल्या घराला आधार होतो.

*गावी गेल्यावर तीच गोळी मिळत नाही. दुकानदार दुसरी देतो.*

कंपनीचं नाव बदललं तरी चालतं, आतलं औषध आणि मिलिग्रॅम बदलता कामा नये. म्हणून कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. पाकिटावर ५ आहे की १० ते वाचा. नकळत अर्धा किंवा दुप्पट डोस सर्वांत जास्त वेळा इथेच होतो.

*भात बंद करू का?*

बंद केलेला भात आठ दिवसांत परत येतो, कारण भूक गोळीची आहे आणि ती तिथेच असते. आधी पिण्यातली साखर काढा. दिवसाचे चार गोड चहा-कॉफी आणि एक थंड पेय, हे काढणं भातापेक्षा सोपं आणि जास्त उपयोगाचं. तहानेला पाणी, ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी. ताटात आधी भाजी आणि डाळ-सांबार, भात नंतर. रात्री गोळी घेतल्यावर जी भूक उसळते, ती येण्याआधी जेवण झालेलं असू द्या, आणि बिस्किटांचा डबा घरातच ठेवू नका. गोळीची वेळ पुढे-मागे करायची असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

*तो स्वतःच म्हणतो, 'जाडा झालोय, गोळी नको.' काय सांगू?*

'नाही, तू छान दिसतोस' असं म्हणू नका. त्याला आरसा दिसतो. 'तुझं बरोबर आहे, वजन गोळीनेच वाढलंय. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ आणि यावर काय करता येईल ते विचारू,' असं म्हणा. त्याचं म्हणणं खरं मानलं, तर तो तुमच्याबरोबर रेल्वेत बसेल. खोटं पाडलं, तर गोळी गुपचूप मोरीत जाईल.

पुढच्या भेटीला जाताना एक कागद न्या. सुरुवातीचं वजन, आजचं वजन, कंबर, शेवटची शुगर आणि तिची तारीख, घराण्यात मधुमेह कुणाला, आणि मागच्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या त्याचा खरा आकडा. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असली तरी या सहा ओळी वाचून त्यांना निर्णय घेता येतो.